दिवाळीनंतरची स्वस्त सजावट आणि पुढच्या वर्षीची शारदा

प्रश्न : भाऊ, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. आमचं शारदा मंडळ दरवर्षी 15 बाय 20 फुटांचा मंडप टाकते. दिवाळी झाल्यावर तालुक्याचा दुकानदार 60 ची कृत्रिम फुलांची माळ 30 ला आणि 250 ची लाइटची माळ 130 ला द्यायला तयार आहे. मंडळाकडे 9 हजार शिल्लक आहेत. पोरं म्हणतात सगळे लावून टाका, मागची पूर्ण भिंत फुलांची करू. आता घेऊन ठेवावं का? ठेवायला टिनाची खोली आहे, उंदीर फार आहेत. पुढच्या वर्षीपर्यंत टिकेल का?

उत्तर :

घ्या, पण 9 हजारांचं नाही. माल साधारण 2600 रुपयांचा घ्या, दोन हजारांपर्यंत तो ठेवण्यावर खर्च करा आणि बाकीचे पुढच्या सप्टेंबरपर्यंत हातात राहू द्या. आणि टिनाच्या खोलीत ठेवणार असाल तर हेही घेऊ नका. माझं बिछायत केंद्र आहे, मंडप आणि डेकोरेशन हाच धंदा, त्यामुळे असल्या मालाचं वर्षभरात काय होतं ते माझ्या गोदामात रोज दिसतं. दिवाळीनंतर काय घ्यायचं हे दुकानात ठरत नाही, माल कुठं ठेवणार त्यावर ठरतं.

आधी हा भाव का उतरतो ते बघू. "न्या भाऊ, खरेदीच्या भावात देऊन रायलो," असं दुकानदार म्हणतो, आणि बरेचदा ते खरंही असतं. त्याची रक्कम अडकलेली असते, जागाही अडकलेली असते. पण सगळ्याच मालाचा भाव तो सारखा पाडत नाही. साधी पिवळी लाइटची माळ त्याला लग्नातही विकता येते. "शुभ दीपावली" छापलेलं तोरण, कागदी आकाशकंदील, सुटं झालेलं सेट, खोका फाटलेली माळ हे मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत कोणी विचारत नाही. म्हणून सर्वांत मोठी सूट याच मालावर मिळते आणि तुमच्या शारदेच्या मंडपात त्याचा काडीचा उपयोग नसतो. तुम्हाला फुलं आणि लाइट निम्म्यात मिळत आहेत, हे चांगलं आहे, पण त्याला मुदत आहे. भाऊबीज ते तुळशीचं लग्न एवढेच दिवस दुकानदार सैल असतो. तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नाचा सीझन सुरू होतो, आणि हीच झेंडूची माळ स्टेजसाठी पुन्हा चढ्या भावानं जाऊ लागते. त्यामुळे जायचं तर या आठवड्यातच जा.

जाताना खिशात एक लहान चुंबक घेऊन जा, जुन्या स्पीकरमधला चालतो. लाइटच्या माळेच्या वायरजवळ तो धरा. वायर ओढली गेली तर आत लोखंडी तार आहे, वरून तांब्याचा नुसता मुलामा. अशी माळ घरातल्या देवघराला ठीक आहे. पण मंडपात नऊ दिवस दव खाल्लं आणि मग पावसाळाभर बंद राहिली की तिला सांध्याजवळ गंज धरतो. चुंबकाला न लागणारी मिळाली तर दहा-वीस रुपये जास्त द्या.

मग दुकानातच ती माळ पंधरा मिनिटं पेटती ठेवा. दुकानदार पेटवून लगेच बंद करतो, तेवढ्यानं काही कळत नाही. या माळेत बल्ब गटागटानं जोडलेले असतात. एक बल्ब आतून तुटला की त्याचा पूर्ण गट विझतो, म्हणून माळेचा एखादा तुकडाच काळा दिसतो. असा तुकडा दिसला तर ती माळ बाजूला ठेवा, "घरी गेल्यावर लागते" यावर विश्वास ठेवू नका. माळ चालू असतानाच प्लगपाशी आणि कंट्रोलरच्या डबीपाशी वायर हलकेच वाकवून बघा. लुकलुकली तर जोड सैल आहे. डबीला हात लावा. कोमट लागली तर चालेल, चटका बसला तर नको. गावात रात्री लोड कमी झाला की व्होल्टेज चढतं, आणि तेव्हा पहिल्यांदा हीच डबी जळते.

फुलांच्या माळेचं वेगळं. दुकानाच्या बाहेर लटकवलेल्या माळा दिवसभर उन्हात असतात आणि कृत्रिम फुलाचा रंग खातं ते ऊनच. एका फुलाच्या पाकळ्या बोटानं फाकवून आतला रंग बघा. आत गडद केशरी आणि बाहेर फिकट पिवळसर असेल तर तो लटकवलेला माल आहे. पुढच्या वर्षी नव्या माळेशेजारी तो ठिगळासारखा दिसेल. आतल्या गठ्ठ्यातला माल मागा. ओला रुमाल फुलावर दोन-चारदा चोळा. रुमालाला रंग लागला तर मंडपाच्या पांढऱ्या पडद्यालाही लागेल आणि देवीच्या साडीलाही. शेवटी माळ दोन्ही हातांनी ओढून बघा, दोरा सुती आहे की नायलॉनचा ते कळेल. सुती दोरा पावसाळ्यात कुजतो, नाहीतर उंदीर नेतो. फुलं शाबूत आणि दोरा गायब, असा ढीग माझ्याकडे दरवर्षी कोणीतरी घेऊन येतं.

थर्माकोलचं मखर फुकट दिलं तरी घेऊ नका. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे हे एक कारण. दुसरं कारण माल ठेवण्याशी जुळलेलं आहे. लाइटची वायर थर्माकोलला टेकून उन्हाळाभर राहिली की वायरच्या प्लास्टिकमधलं मऊ करणारं तेल थर्माकोलमध्ये उतरतं. थर्माकोल तिथं वितळल्यासारखा चिकट होतो, वायर कडक होऊन तडकते, आणि दोन्ही वस्तू एकदमच जातात. जुनं थर्माकोल मंडळाकडे पडलं असेल तर ते लाइटच्या पेटीत भरू नका.

आता किती घ्यायचं ते मोजून ठरवू. पोरांना मागची पूर्ण भिंत फुलांची पाहिजे. तुमची भिंत 15 फूट रुंद, उंची 10 फूट धरतो. माळा उभ्या सोडायच्या तर दोन माळांमध्ये सहा इंचापेक्षा जास्त अंतर ठेवलं की मागचं कापड दिसतं आणि भिंत विरळ वाटते. म्हणजे 31 जागा. बाजारातली माळ साधारण पाच फुटांची, म्हणजे एका जागेला दोन, एकूण 62 माळा. आणि इतकं करून मधोमध देवी बसली की मागचा मोठा भाग झाकलाच जातो, दोन्ही कडांना तर कोणाचं लक्षही जात नाही.

त्यापेक्षा देवीच्या मागे मधले सहा फूट तेवढे फुलांचे करा. सहा इंचांवर 13 जागा, दोन-दोन प्रमाणे 26 माळा. कडांना चुण्या घातलेलं कापड सोडा. उरलेल्या माळा समोरच्या कमानीला लावा, कारण रस्त्यावरून येणारा माणूस आधी कमान बघतो. कमान म्हणजे दोन्ही खांब दहा-दहा फूट आणि वरचं आडवं 15, मिळून 35 फूट. एकेरी माळ बारीक दिसते, दुहेरी पीळ दिला तर भरगच्च दिसते, म्हणून सातऐवजी 14. झाल्या 40. चार जादा घ्या. 44 माळा 30 च्या भावानं 1320 रुपयांच्या होतात.

लाइटमध्ये लोक एका ठिकाणी हमखास फसतात. खोक्यावर 10 मीटर लिहिलेलं असतं, म्हणजे जवळपास 33 फूट. पण प्लगपासून पहिल्या बल्बपर्यंतची कोरी वायरही त्यातच मोजलेली असते. पेटणारा भाग 29-30 फुटांपेक्षा जास्त भरत नाही. तुमची कमान 35 फुटांची आहे. एक माळ आणली तर उजव्या खांबाचा खालचा निम्मा भाग अंधारात राहणार आणि ऐन घटाच्या संध्याकाळी कोणाला तरी तालुक्याला पळावं लागणार. म्हणून कमानीला दोन. मंडपाच्या छताला लांबीनं चार ओळी, ओळीला एक माळ, म्हणजे चार. 20 फुटांच्या ओळीत तीस फुटांची माळ झोल देत सोडली की उलट छान दिसते. देवीच्या मागच्या जाळीत दोन. झाल्या आठ, आणि दोन जादा. जादाच्या दोन याच कंपनीच्या, याच पेटीतल्या घ्या. पिवळा पिवळा म्हणून पुढच्या वर्षी दुसरी आणली तर एक लिंबासारखी आणि एक शेंदरी निघते, आणि ते दिवसा नाही, लावल्यावरच कळतं. दहा माळांचे 1300.

मिळून 2620. पडद्याच्या कापडाची घाई करू नका. कापडाला दिवाळीनंतर अशी सूट मिळत नाही, आणि उंदीर-कसरीला सर्वांत आधी तेच सापडतं. ते बिछायतवाल्याकडून भाड्यानंच आणा. हे मी माझ्या धंद्यासाठी म्हणतोय असं वाटलं तर वाटू द्या, पण 15 फुटांच्या भिंतीला चुण्या घालून कापड शिवून घेण्याचा खर्च मांडून बघा.

आता ठेवण्याचं. टिनाच्या खोलीत का नको? आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 45 अंश असतं, टिनाखालचं विचारूच नका. त्या उष्णतेत वायरचं प्लास्टिक कडक होतं, गोंदानं चिकटवलेले मणी आणि आरसे घसरतात, दाबून भरलेल्या फुलांना ज्या घड्या पडतात त्या मग उलगडत नाहीत. स्लॅबची खोली असेल तर उत्तम. नसेल तर कवेलूच्या घरातली आतली, जमिनीवरची खोली टिनापेक्षा कितीतरी बरी. माळ्यावर नको.

पेटी पत्र्याची घ्या, झाकण घट्ट बसणारी. साडेतीन-चार फुटांच्या पेटीत तुमच्या फुलांच्या माळा बसतील, अर्थात 44 असतील तर. पूर्ण भिंत आणि कमान धरून 76 घेतल्या असत्या तर दाबून भराव्या लागल्या असत्या. लाइटला वेगळा डबा, झाकणाचा निळा ड्रम चालेल, पण त्यात आधी काय होतं ते विचारून घ्या. फवारणीच्या औषधाचा ड्रम पोरांच्या हाताळण्यातल्या वस्तूंना वापरायचा नाही. पेटी चार विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. भिंतीला टेकलेल्या पेटीची मागची बाजू श्रावणात घामेजते आणि आतून गंजते. विटांवर ठेवल्यानं उधईही चढताना दिसते.

गावात तीन गोष्टी हमखास होतात, त्या तेवढ्या टाळा. पहिली म्हणजे धान्याची कोठी. दिवाळीत ती रिकामी दिसते, पत्र्याची असते, उंदीर शिरत नाही, म्हणून कोणीतरी सुचवतंच. पण होळीनंतर गहू आला की माल बाहेर काढावा लागतो. शिवाय गव्हात सल्फासच्या गोळ्या टाकतात. त्या गोळ्यांना हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन वायू निघतो. तो कीड मारतो तसा तांब्यालाही खातो. ज्या खोलीत त्या गोळ्या वापरतात तिथं ठेवलेल्या माळेची पिन आणि कंट्रोलरचे आतले जोड काळे पडतात. वरून माळ नवी कोरी दिसते, लावली की पेटत नाही. आणि तो वायू माणसालाही जीवघेणा आहे, तेव्हा त्या खोलीत सामान शोधायला पोरांना पाठवायची वेळच येऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट म्हणजे युरियाची पोती. रिकामी पोती घरात असतात, सामान त्यात भरणं सोपं जातं. पण पोत्याच्या शिवणीत खत राहिलेलं असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि वायरच्या टोकाला, फुलाच्या तारेला गंज आणतं. जुनी सुती साडी किंवा धोतर धुऊन, कडक वाळवून त्यात गुंडाळा.

तिसरी गोष्ट कापूस. आता नोव्हेंबरात घराघरात कापूस भरलेला असतो आणि जागा नाही म्हणून त्याच खोलीत सामान ठेवलं जातं. ठेवलं तर एक वेळ चालेल, पण त्या खोलीत लाइट लावून बघायची नाही. सैल पिनेची एक ठिणगी पुरेशी आहे. तपासणी अंगणात करा.

भरण्याची रीत अशी. घट उठल्यावर माळा काढताना लाइट ओढू नका, वरून खाली सोडवत या. दीड हात लांबीची चपटी बांबूची कामटी घ्या, टोकं घासून गुळगुळीत करा आणि तिच्यावर माळ आठाच्या आकारात गुंडाळा. गोल गुंडाळली की प्रत्येक फेऱ्याला वायरीला पीळ बसतो, आठात तो आपोआप सुटतो. प्लग शेवटी बाहेर राहू द्या, म्हणजे न उलगडता पेटवून बघता येते. एका कामटीवर एकच माळ, आणि तिच्यावर चिठ्ठी: "कमान डावी", "छत 3", "देवीमागे". चिठ्ठी शाईच्या पेनानं नाही, पेन्सिलीनं लिहा, शाई पसरते. सेलवर चालणाऱ्या लहान माळा असतील तर सेल काढूनच ठेवा, राहिलेला सेल पाझरून डबी कायमची खराब करतो. फुलांच्या माळा सैल वेटोळं करून साडीत ठेवा, जड वस्तू त्यांच्यावर नको. डांबरगोळ्या टाकायच्या असतील तर कापडाच्या पुरचुंडीत टाका, मण्यांना आणि प्लास्टिकला टेकू देऊ नका.

पुढच्या वर्षीचं गणित यंदाच्यासारखं नाही. यंदा, म्हणजे 2025 मध्ये, 22 सप्टेंबरला घट बसले. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ येतो, त्यामुळे गणपती 14 सप्टेंबरला आणि घट 11 ऑक्टोबरला. म्हणजे माल आता ठेवला की अकरा महिने पेटीतच. त्यात पूर्ण उन्हाळा आला आणि पूर्ण पावसाळाही आला. घट उशिरा बसल्यामुळे पाऊस बराच ओसरलेला असेल हा फायदा. पण त्याच वेळी सोयाबीन काढणी चालू असते, आणि मंडप सजवायला जी पोरं पाहिजेत ती शेतात, थ्रेशरवर असतात. तेव्हा घटाच्या आदल्या दिवशी पेटी उघडून गुंता सोडवायला कोणी मिळणार नाही हे धरूनच चाला.

म्हणून पेटी दोनदा उघडायची. एकदा मृगाच्या आधी, जूनच्या सुरुवातीला. उंदराच्या लेंड्या, उधईची माती दिसते का बघा, साडी बदला, झाकण बंद. भर पावसाळ्यात उघडायची नाही, ओली हवा आत कोंडून घेतली की फुलांवर काळे ठिपके येतात. दुसऱ्यांदा पोळ्याला, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. फुलं सावलीत, वाऱ्यावर पसरा, उन्हात नाही. सगळ्या लाइटच्या माळा पेटवा आणि तान्ह्या पोळ्याला चौकात लावूनच टाका. लहान पोरांचे नंदीबैल झगमगतील आणि तुमची चाचणीही होऊन जाईल. त्या रात्री कोणती माळ विझली ते कळलं की घटापर्यंत महिना हातात असतो, दोन जादाच्या माळा कुठं लागतील ते ठरवता येतं, आणि शिल्लक पैशातून काय आणायचं तेही.

फुलं गणपतीलाही वापरणार असाल तर वापरा, निम्म्या भावाचा खरा फायदा त्यातच आहे. मात्र विसर्जनानंतर गुलाल झटकूनच पेटीत टाका. ओलसर गुलाल पांढऱ्या मोगऱ्याच्या माळेवर बसला की निघत नाही.

राहिलं एक, आणि मंडळांमध्ये भांडण यावरूनच होतं. पेटी कोणाच्या घरी? अध्यक्षाच्या घरी ठेवली आणि पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलला की पेटी अडकते. देवळाची खोली असेल तर तिथं ठेवा, दोन कुलपं लावा, चाव्या दोन वेगवेगळ्या घरी. मंडळाच्या वहीत लिहा: फुलमाळा 44, लाइट 10, पेटी 1, ड्रम 1, कामट्या 10, आणि खाली तिघांच्या सह्या. मंडप उतरवण्याआधी समोरून आणि आतून फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाका, पुढच्या वर्षी नवी पोरं तेच बघून लावतील.

आणि एप्रिल-मेमध्ये कोणीतरी लग्नासाठी माळा मागायला येईलच. नाही म्हणणं गावात जमत नाही हे मलाही माहीत आहे. लाइट द्या, मोजून द्या आणि पेटवून परत घ्या. फुलांच्या माळा मात्र देऊ नका. लग्नमंडपात त्या दिवसभर उन्हात राहतात, वर त्यांच्यावर हळद आणि अक्षता पडतात, आणि रात्री परत येतात त्या चुरगळून, चाळीसच्या जागी तीस.